बाऊचं घर, राणीचं कोठार

रविवार, रात्री

दोन आठवडे रात्रीच्या वेळी गिर्सूच्या धान्यवाटपाच्या पाट्या वाचतोय. मातीच्या पाट्यांचे फोटो आणि सुमेरी मजकुराचं लिप्यंतर हल्ली इंटरनेटवर सहज मिळतं, त्यामुळे एक उघडली की दुसरी उघडावीशी वाटते. आज त्यातली एक गोष्ट नीट लागली असं वाटतंय, ती झोपण्याआधी लिहून ठेवतो.

गिर्सू म्हणजे दक्षिण इराकमधलं आजचं तेल्लो, लगश या नगरराज्याचं देवस्थानांचं शहर. निनगिर्सू हा तिथला मुख्य देव आणि बाऊ ही त्याची बायको. १८७७ मध्ये फ्रेंचांनी तिथे खणायला सुरुवात केली. पण मी वाचतोय त्या बहुतेक पाट्या पुढे चोरट्या खोदकामातून बाहेर आल्या आणि बर्लिन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग अशा पार पांगल्या. एकाच दफ्तरातल्या सतराशेच्या वर पाट्या आहेत. काळ अवघा पंचवीसेक वर्षांचा, इ. स. पू. २३५० च्या आगेमागे. इतक्या थोड्या वर्षांचा इतका तपशीलवार हिशेब त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या संस्थेचा क्वचितच हाती लागलाय.

आधी त्या दफ्तरात काय आहे ते. जमिनीचे तीन भाग दिसतात. एक भाग संस्था स्वतः कसते, त्यातलं पीक थेट कोठारात जातं. दुसरा भाग नोकरांना तुकड्या-तुकड्यांनी दिलेला. जोवर चाकरी, तोवर जमीन. तिसरा भाग खंडाने लावलेला. नांगरणीच्या हंगामात कोठारातून बियाणं निघतं आणि बैलांसाठी जव निघतो, तेही मोजून. लोकर येते, ती विणकर बायकांकडे जाते. मासे, दूध, कांदे, लाकूड, तांबं, सगळ्याची आवक-जावक लिहिलेली. यात पूजाअर्चा आहे, पण पाट्यांचा मोठा भाग शेत, गोठा आणि कोठार यांचाच आहे.

मला सगळ्यात धरून ठेवतात त्या बायका आणि मुलांच्या जवाच्या याद्या. दर महिन्याला एक यादी. एकेका बाईचं नाव, पुढे तिचा जव, मग तिच्या मुलांचा. विणकर बाईच्या नावापुढे बऱ्याचदा १८ सिला पडतात, काहींना २४. सिला म्हणजे जवळपास एक लिटर. १८ लिटर जव म्हणजे अकरा-बारा किलो, दिवसाला चारशे ग्रॅमच्या आत. लहान पोराला त्याहून कमी. यात माणूस जगतो, पण शिल्लक काही पडत नाही. या बायकांना जमिनीचा तुकडा मिळत नाही, म्हणून त्यांना बाराही महिने कोठाराच्या दारात यावं लागतं. ज्या पुरुषांना चाकरीची जमीन आहे त्यांच्या याद्या वेगळ्या आहेत आणि त्यांना जव वर्षातले चारेक महिनेच मिळतो. बाकीचे महिने त्यांनी आपल्या शेतावर निभवायचे. कोण कुठल्या यादीत आहे, एवढ्यावरून त्याची पत कळते. त्यासाठी वेगळा कायदा वाचायची गरज पडत नाही.

आता आज जे लागलं ते. प्रत्येक यादीच्या शेवटी दोन-तीन ओळींचा ठराविक समारोप असतो. एकूण जव किती, तो कोणाच्या माणसांना दिला, कोणत्या महिन्यात, कोणत्या कोठारातून, कोणी दिला, वर्षातलं कितवं वाटप, आणि राजवटीचं कितवं वर्ष. देणारा कारभारी एनिग्गल. लगशचा एन्सी, म्हणजे राज्यकर्ता, लुगलअंदा असताना ही माणसं कोणाची म्हणून लिहिलीत? बारानम्तराची, लुगलअंदाच्या बायकोची. देवीचं नाव तिथे येत नाही. संस्थेचं नावही ‘बाईचं घर’ असंच होतं, आणि ही बाई म्हणजे राणी. मग लुगलअंदा गेला आणि उरुकगिना आला. तो लुगलअंदाचा मुलगा नव्हता. पहिल्या वर्षी त्याने एन्सी हीच पदवी ठेवली, दुसऱ्या वर्षापासून लुगल म्हणजे राजा म्हणवून घेऊ लागला. आणि पाट्यांच्या शेवटी ‘बारानम्तराची माणसं’ जाऊन ‘बाऊची माणसं’ आलं. लगेच पुढच्या ओळीत ‘शाशा, लगशचा राजा उरुकगिना याची बायको’. आणि त्याखाली जव देणारा कोण? तोच एनिग्गल.

दोन्ही राजवटींच्या पाट्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. वाटपाची पद्धत तीच, हिशेबाचा साचा तोच, कारभारी तोच. कोठाराची मालकी तेवढी राणीकडून देवीकडे गेली, आणि देवीच्या वतीने कारभार पाहायला पुन्हा राणीच.

उरुकगिनाने स्वतः या बदलाबद्दल फार मोठा लेख कोरून ठेवलाय. इतिहासाच्या पुस्तकांत तो ‘उरुकगिनाच्या सुधारणा’ म्हणून येतो. पूर्वी काय चालायचं याची त्यात तक्रार आहे. देवांचे बैल एन्सीची कांद्याची शेतं नांगरायचे. देवांच्या चांगल्या जमिनींवर एन्सीचे कांदे आणि काकड्या पिकायच्या. मढं पुरायला नेलं की घरच्यांकडून ७ घडे बिअर, ४२० भाकऱ्या, जव, एक लोकरी वस्त्र, एक बोकड आणि एक खाट घेतली जायची. नव्या राजाने ते ३ घडे, ८० भाकऱ्या, थोडा जव, एक खाट आणि एक बोकड इतक्यावर आणलं. विधवेला आणि पोरक्याला बलवंताच्या हाती जाऊ देणार नाही, असा आपण निनगिर्सूशी करार केलाय, असंही तो म्हणतो. आणि मुख्य वाक्य हे की एन्सीच्या घरावर आणि शेतांवर त्याने निनगिर्सूला मालक केलं, बाईच्या घरावर आणि शेतांवर बाऊला, मुलांच्या घरावर आणि शेतांवर देवाचा मुलगा शुलशगना याला.

राजा, राणी, राजपुत्र यांच्या जागी देव, देवी, देवपुत्र. एकेका घराला एकेक मालक, अगदी जोडीने.

आपल्याकडे देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं आणि वहिवाटदार वेगळा असतो. ते कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना इथला पेच लगेच कळेल. देव मालक झाल्यावर जमीन कोणाच्या हातात राहते, हे वहिवाटदार कोण यावर ठरतं. गिर्सूत वहिवाट राजाच्या घरात होती आणि तिथेच राहिली.

तरी उरुकगिना नुसता ढोंगी होता असं म्हणायला माझं मन घेत नाही. मढ्यामागची वसुली कमी झाली असेल तर गरीब घराला तो फरक खरा होता. आणि जमीन देवीची ठरली की निदान बोलायला एक जागा राहते. देवीचा बैल स्वतःच्या शेतात जुंपला, असा आरोप राजावर करता येतो. तो आरोप उरुकगिनाने स्वतःच आधीच्यांवर केला. शिवाय त्याला या देवाची गरज होती. बापाकडून गादी आलेली नाही, मग अधिकार कुठून आणायचा? तो लिहितो की ३६,००० माणसांतून निनगिर्सूने त्याचा हात धरला. ज्या देवाने हात धरला त्याच देवाच्या नावे राजवाड्याची जमीन करणं, हे त्या निवडीचं उघड देणं होतं. दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारी व्यवस्था. देव राजाला निवडतो, राजा देवाला मालक करतो, आणि कोठाराची किल्ली एनिग्गलकडेच राहते.

एक प्रसंग तर मला फारच मोठा वाटतो. बारानम्तरा नव्या राजाच्या काळातही जिवंत होती. ती उरुकगिनाच्या राजेपणाच्या दुसऱ्या वर्षी वारली आणि तिच्या अंत्यविधीचा खर्च याच दफ्तरातून झाला. रडगाणी गाणारे गाला आणि शोक करणाऱ्या बायका यांना दिलेल्या भाकरी-बिअरचा हिशेब पाट्यांवर आहे. ज्या राणीची माणसं आता बाऊची झाली होती, तिला त्याच घराने रीतीप्रमाणे पोचवलं. मागच्या राजवटीचा हिशेब सूडाने चुकता केला असता तर असा खर्च कोणी लिहिला नसता.

या पाट्यांवरूनच एक मोठा गैरसमजही पसरला होता. १९२० मध्ये अॅना श्नायडर आणि १९३१ मध्ये आंतोन डाइमेल यांनी मांडलं की सुमेरमध्ये सगळी जमीन देवळांची होती, म्हणजे अख्खं नगरराज्य हेच एक देऊळ. बाऊच्या जमिनीचा अंदाज काढायचा, असं प्रत्येक देवळाचं धरायचं, की बेरजेत पूर्ण राज्य संपतं, असा तो मार्ग. डायकोनॉफ आणि गेल्ब यांनी नंतर तो मोडून काढला. लगशच्याच परिसरातून जमीनविक्रीचे दस्तऐवज मिळालेत, राज्यकर्त्याच्या घरातला माणूस इतरांकडून जमीन विकत घेतोय. सगळी जमीन देवांची असती तर विकणारा कुठून आला असता? आणि ज्या दफ्तरावरून एवढं मोठं अनुमान काढलं, ते राणीच्या घराचं. पाटीवर देवीचं नाव दिसलं की देऊळ स्वतंत्रपणे सगळं चालवत होतं असं धरायचं नाही. खालच्या ओळीत कोणाची बायको लिहिलीय आणि कारभारी कोण आहे, ते आधी पाहायचं.

एवढी घट्ट व्यवस्था फार काळ टिकली नाही. शेजारच्या उम्माशी लगशचं पिढ्यान्‌पिढ्या भांडण होतं, तेही मुख्यतः निनगिर्सूच्या मालकीच्या म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीवरून. उरुकगिनाच्या काळात उम्माचा लुगलझगेसी चालून आला. त्यावर गिर्सूच्या कोणा लेखनिकाने लिहिलेली पाटी आज पुन्हा वाचली. ती आक्रोशाची आहे, पण लिहिलीय कोठारातल्या यादीसारखी. हे देऊळ जाळलं, ते देऊळ लुटलं, चांदी आणि लाजवर्दाचे निळे दगड नेले, एकेक ठिकाण नावानिशी. शेवटी येतं की निनगिर्सूच्या शेतात जेवढा जव पेरला होता तेवढा उपटून नेला. आणि मग, गिर्सूचा राजा उरुकगिना याचा यात काही दोष नाही. हे पाप लुगलझगेसीची देवी निसाबा हिने आपल्या मानेवर वाहावं.

निसाबा धान्याची देवी आणि लेखनाचीही. ज्याने हे लिहिलं त्याच्या स्वतःच्या धंद्याची ती देवता. तिच्या मानेवर पाप घालताना त्याने राजाला मात्र मोकळं सोडलं. देवाने हात धरून निवडलेल्या राजाचा दोष लिहायला त्याच्याकडे जागा नव्हती, असं मला वाटतं. उद्या या पाटीची दुसरी भाषांतरंही काढून बघतो.