पोस्टरखालचा मजकूर

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या रक्तदान शिबिराच्या पोस्टरवर एवढंच होतं: रविवार, सकाळी 9 ते दुपारी 1, क्लब हाऊस. ते वाचून मी पावणेएकला पोहोचलो. पहिलीच वेळ होती. रक्ततपासणीला उपाशीपोटी जातात, तर रक्त द्यायलाही तसंच जायचं असणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

फॉर्ममध्ये शेवटचं कधी खाल्लं असा प्रश्न होता. मी बिनदिक्कत खोटं लिहिलं.

वजन, रक्तदाब झाला. मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. ते मोरचुदाचं द्रावण. त्याची घनता अशी ठेवलेली असते की हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त असेल तर थेंब बुडतो, कमी असेल तर तरंगतो. माझा बुडाला. माझ्या पुढच्या काकूंचा तरंगला होता आणि त्या हिरमुसून बसल्या होत्या. डॉक्टर त्यांना सांगत होत्या, "यातून फक्त आज रक्त घ्यायचं की नाही तेवढं कळतं. आकडा हवा असेल तर लॅबमध्ये तपासून घ्या." काकूंचं समाधान झालं नाही. "नापास केलं मला" म्हणत त्या गेल्या.

सुई नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड असते, हे खरं. टोचताना चांगली कळ आली. पण नंतरची सात-आठ मिनिटं हातातला चेंडू दाबत पडून राहण्यापलीकडे काहीच नव्हतं. 350 मिलीची पिशवी भरली आणि मला वाटलं, जिंकलो!

दहा मिनिटं पडून राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एव्हाना कार्यकर्ते खुर्च्या आवरत होते. आपल्यामुळे लोक खोळंबलेत असं वाटून मी दोन मिनिटांत उठलो. दारापर्यंत पोहोचलो तोवर कानात शिट्टी, अंगाला गार घाम आणि डोळ्यांपुढे अंधार. कुणीतरी धरून आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले. थोड्या वेळात सगळं ताळ्यावर आलं.

माझ्या अंगातलं रक्त संपलं म्हणून हे झालेलं नव्हतं. धास्ती, रिकामं पोट, कमी पाणी आणि झटकन उभं राहणं, यातलं काहीही पुरतं. माझ्याकडे चारही होतं. अशा वेळी हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. आडवं होऊन पाय उंच केले की ते परत मेंदूकडे पोहोचतं. पहिल्यांदा देणाऱ्यांना हे जास्त होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मग मी खाण्याबद्दलचं खोटं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत.

यंदा सेक्रेटरी म्हणाले, "मजकूर तुम्हीच लिहा, तुम्हाला दांडगा अनुभव आहे." त्यांना 'चक्कर' हा शब्द नको होता, लोक बिचकतील म्हणून. मी हट्ट धरला. बेसावध माणूस जास्त घाबरतो, हे मी दारात पडून शिकलो होतो. शेवटी पोस्टरखाली हे गेलं:

"रविवारी सकाळी 9 ते दुपारी 1, क्लब हाऊस. नोंदणी 12 वाजता बंद, कारण फॉर्मपासून विश्रांतीपर्यंत पाऊण तास लागतो. उपाशी येऊ नका: तासा-दोन तासांपूर्वी पोटभर खा, आल्यावर दोन ग्लास पाणी प्या. वय 18 ते 65 (पहिलीच वेळ असेल तर 60 पर्यंत), वजन किमान 45 किलो. आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने झालेले हवेत. वर्षभरात टॅटू काढला असेल, ताप येऊन गेला असेल किंवा कुठलीही औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना खरं सांगा. चक्कर आली तर आहात तिथेच आडवे व्हा. उठायची घाई नको, खुर्च्या आम्ही नंतर आवरू."

शिबिराच्या दिवशी बाराला पाच कमी असताना चौथ्या मजल्यावरचा मुलगा धावत आला. "काका, झोपून राहिलो, काही खाल्लं नाहीये. पण मी ठणठणीत आहे, चालेल ना?" मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाही म्हटलं आणि रक्तपेढीचा पत्ता लिहून दिला. मंगळवारी जेवून तिकडे जाऊन आला. संध्याकाळी लिफ्टमध्ये मला दंडावरची पट्टी दाखवत म्हणाला, "पूर्ण दहा मिनिटं पडून होतो हं."