सोळा दातांचा शाफ्ट आणि चढेना झालेलं हब

गेल्या सीझनमधली गोष्ट आहे. आमचं वर्कशॉप उद्यमनगरात, दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, आणि ड्रॉइंग-मोजमाप सगळं माझ्याकडं. ऊसतोड ऐन भरात होती आणि कागलकडचे एक हार्वेस्टरवाले दादा सकाळी साडेआठलाच पिकअप घेऊन दारात. हायड्रॉलिक पंप काढून आणलेला, आणि पंपाला इंजिनाकडून ड्राईव्ह देणारं जे हब असतं त्याचे आतले दात पार खाऊन गुळगुळीत झालेले. पंपाचा शाफ्ट मात्र बऱ्यापैकी चांगला होता. "साहेब, नवीन हब यायला पंधरा दिवस म्हणतायत, फडात मशीन उभं आहे, काय करता बघा की."

जुन्या हबवरनं काही मापच मिळेना, दात शिल्लक असतील तर मिळणार ना. म्हणजे शाफ्ट मोजायचा आणि त्यावरनं हब काढायचं. दात मोजले, सोळा. सम संख्या असली की बरं पडतं, समोरासमोर दात येतात, मायक्रोमीटर सरळ लागतो. मेजर डाया, म्हणजे दाताच्या टोकावरचा, आला ३४.५८. मायनर, म्हणजे दाताच्या बुडाचा, व्हर्निअरच्या पातळ टोकांनी कसाबसा घेतला तो ३०.३५ च्या आसपास.

आमच्याकडं बरेच दिवस एक वही आहे, त्यात आयएसओ ४१५६ ची सूत्रं लिहून ठेवलेली, ३० डिग्री प्रेशर अँगल, सपाट बूड असलेल्या स्प्लाइनसाठी. स्प्लाइन म्हणजे शाफ्टवर आणि हबच्या आत लांबीभर कापलेले हे दात. तीच वही काढली. त्यात m म्हणजे मोड्यूल, दाताच्या आकाराचा आकडा, z म्हणजे दातांची संख्या, आणि PCD म्हणजे दातांची मापं ज्या मनातल्या वर्तुळावर धरतात त्याचा डाया.

```
PCD         = m × z
shaft major = m × (z + 1)
shaft minor = m × (z - 1.5)
hub major   = m × (z + 1.5)
```

३४.५८ ला १७ नं भागलं तर २.०३ येतं, म्हणजे मोड्यूल २, पीसीडी ३२. इथपर्यंत बरोबर होतं. पण सूत्रानं शाफ्टचा मेजर ३४ यायला पाहिजे आणि हातात ३४.५८ आहे, मायनर २९ यायला पाहिजे आणि हातात ३०.३५ आहे, इथं मी थांबायला पाहिजे होतं. शाफ्ट झिजून बारीक होतो, जाड कधी होत नाही. आणि एकच नाही तर दोन्ही डाया मोठ्याच बाजूला चुकत होते. मी मनाशी काय म्हटलं, की बुडाला मटेरियल जरा जास्त सोडलं असेल आणि व्हर्निअर खाली नीट टेकला नसेल. वर हबचा मेजर सूत्रानं २ × १७.५ म्हणजे ३५ आला, शाफ्टच्या ३४.५८ वर दोन्ही बाजूंनी दोन-दोन दशांश मिलिमीटर मोकळे, एकदम छान बसलं असं वाटलं. तो ३५ चा आकडा जुळला म्हणून बाकीचे दोन न जुळलेले आकडे मी सोडून दिले.

ईएन २४ स्टीलचा गोल बार घेतला, टर्निंग झालं, हार्डनिंग करून आणला आणि शिरोली एमआयडीसीतल्या वायरकटवाल्याकडं प्रोफाइलची फाईल पाठवली. हार्डनिंगनंतर वायरकट का, तर आधी दात कापले असते तर ते हार्डनिंगमध्ये वाकडे झाले असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हब हातात आलं, दिसायला सुंदर. शाफ्टवर ठेवलं तर टोकाच्या चॅम्फरवर नुसतं टेकून बसलं, पुढं एक मिलिमीटर सरकेना. दादा तिथंच उभे होते, काही बोलले नाहीत, पण मला खाली बघावं लागलं.

आमचे बापू, तीस-पस्तीस वर्षं लेथवर काढलेली, त्यांनी हातोडा घेऊ दिला नाही. म्हणाले, "ठोकू नकोस, आधी निळी लाव." मार्किंग ब्लू लावून हब टेकवलं, काढून बघितलं तर सोळाच्या सोळा दातांच्या दोन्ही बाजूंना सारखीच निळी उठलेली. एका बाजूला जास्त एका बाजूला कमी असं काही नाही. म्हणजे इंडेक्सिंगचा घोळ नाही, आणि तसा तो होणंही अवघड, कारण दात सोळा म्हटले की दोन दातांमधला कोन ठरूनच गेला, २२.५ डिग्री, त्यात मोड्यूलचा संबंध येत नाही. मग घोळ एकाच ठिकाणी उरतो, शाफ्टचा दात हबच्या खाचेपेक्षा जाड आहे.

आता जाडी कशी मोजायची? पीसीडीवर दात किती जाड आहे हे व्हर्निअरनं मोजता येत नाही, कारण पीसीडी ही शाफ्टवर कुठं दिसणारी रेघच नाही, ती मोड्यूल गुणिले दात एवढीच आहे. त्यासाठी पिना लागतात. ४ मिलिमीटरच्या दोन ग्राउंड पिना समोरासमोरच्या खाचांत ठेवल्या, वरून मायक्रोमीटर लावला, तीन ठिकाणी फिरवून घेतलं. ३८.९०.

मग रात्री घरी बसून उलटं गणित केलं. मोड्यूल २, दात १६, आणि दाताची जाडी पीसीडीवर पिचच्या बरोब्बर निम्मी म्हणजे ३.१४ धरली, वहीतली सूत्रं हेच धरतात, तर ४ च्या पिनांवर माप ३८.३३ यायला पाहिजे. माझ्याकडं ३८.९०. जवळजवळ सहा दशांश जास्त. इथं "व्हर्निअर नीट टेकला नसेल" हे चालणार नव्हतं.

हे बघितल्यावर डोक्यात आलं, की ही स्प्लाइन आयएसओची नाहीच, डीआयएन ५४८० ची आहे. युरोपियन बनावटीच्या हायड्रॉलिक पंपांवर हीच जास्त असते, माहीत होतं मला, पण सोळा दात आणि मोड्यूल २ दिसलं की हात आपोआप वहीकडं गेला. त्यांचा विचार वेगळा आहे. आयएसओवाले मोड्यूल आणि दात घेऊन डाया काढतात, जो येईल तो. डीआयएनवाले आधी एक गोल आकडा ठरवतात, रेफरन्स डाया, तो सहसा बेअरिंगच्या बोअरशी जुळणारा म्हणजे ३०, ३५, ४० असा, आणि मग त्यात दात बसवण्यासाठी प्रोफाइल थोडं बाहेर किंवा आत सरकवतात. त्याला प्रोफाइल शिफ्ट म्हणतात. सूत्र असं, dB म्हणजे रेफरन्स डाया आणि x म्हणजे शिफ्टचा आकडा, तो मोड्यूलनं गुणला की किती मिलिमीटर सरकवलं ते मिळतं:

```
dB          = m × z + 2 × x × m + 1.1 × m
hub major   = dB
shaft major = dB - 0.2 × m
hub minor   = dB - 2 × m
shaft minor = dB - 2.3 × m
```

शेवटची ओळ हॉबनं कापलेल्या शाफ्टची, ब्रोचच्या हिशोबानं २.३ च्या जागी २.२ येतं.

रेफरन्स ३५ धरून बघा आता. पीसीडी तर ३२ च राहिला. ३५ मधून ३२ आणि १.१ गुणिले २ म्हणजे २.२ वजा केले की ०.८ उरतात, त्याचं निम्मं ०.४, म्हणजे प्रोफाइल ०.४ मिलिमीटर बाहेर सरकवलेलं. शाफ्टचा मेजर ३५ वजा ०.४ म्हणजे ३४.६, माझं माप ३४.५८. शाफ्टचा मायनर ३५ वजा ४.६ म्हणजे ३०.४, माझं माप ३०.३५. जी दोन मापं मी चुकीची समजून सोडली होती ती दोन्ही बरोबर होती, आणि जुळलेला ३५ हा निव्वळ योगायोग, दोन्ही स्टँडर्डमध्ये हबचा मेजर तिथंच येत होता.

जाडीचंही लगेच लागलं. प्रोफाइल बाहेर सरकलं की पीसीडीवर दात जाड होतो, २ गुणिले ०.४ गुणिले टॅन ३० म्हणजे ०.४६ नं. ३.१४ चा दात झाला ३.६०. त्या जाडीला पिनांवर ३९.०० येतं, आणि शाफ्टला मुद्दाम दिलेला ढिलेपणा अन् थोडी झीज धरली तर ३८.९० हे अगदी पटतंय, त्यातून दाताची खरी जाडी ३.५३ च्या आसपास निघते. माझ्या हबची खाच होती ३.१४. कसं चढेल? आणि खाच कशीतरी रुंद केली असती तरी हबचा मायनर मी ३०.३ ठेवला होता, शाफ्टचं बूड ३०.३५ वर, तिथंही घासलंच असतं. डीआयएनप्रमाणं तो ३१ पाहिजे.

एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा नीट कळली, की दाताच्या उंचीच्या मधोमध पीसीडी असतो हे आपण गृहीत धरतो ते इथं चालत नाही. ३४.६ आणि ३०.४ यांचा मध्य ३२.५ येतो, पीसीडी ३२ आहे. मध्य असा पीसीडीच्या वर गेलेला दिसला की समजायचं प्रोफाइल बाहेर सरकवलंय. तोच फरक माझ्या कागदावर पहिल्या दिवसापासून पडून होता.

सकाळी खात्रीसाठी पंपावरची नेमप्लेट बघितली, त्या मॉडेलचा कॅटलॉग मोबाईलवर उघडला तर शाफ्टच्या चित्राखाली लिहिलेलंच होतं, `W 35x2x30x16x9g`. रेफरन्स ३५, मोड्यूल २, अँगल ३०, दात १६, आणि शेवटी टॉलरन्स. पंप हातात आला तेव्हाच हे करायला पाहिजे होतं, दहा मिनिटांचं काम.

पहिलं हब भंगारात गेलं, त्याला मोठं करून वापरण्याचा विचारसुद्धा केला नाही कारण बाहेरचा डाया फिनिश झालेला, पुन्हा सेंटरला धरताना थोडा जरी रनआऊट आला तर पंपाचं सील जातं. नवीन बार, पुन्हा हार्डनिंग, पैसे माझ्या पगारातनं घ्या म्हटलं तर मालक नको म्हणाले. या वेळी ड्रॉइंगवर मेजर ३५, मायनर ३१, पीसीडीवर खाच ३.६५, आणि तपासायला ३.५ च्या पिनांमधलं आतलं माप २७.८० असं लिहून दिलं. वायर पाव मिलिमीटरची असते त्यामुळं बुडाच्या कोपऱ्यात थोडी गोलाई राहतेच, पण शाफ्टचा दात तिथवर जातच नाही, ०.२ अलीकडंच थांबतो. हब आलं, पिनांमध्ये २७.८१. शाफ्टवर हातानं गेलं, शेवटपर्यंत, आणि फिरवून बघितलं तर अगदी किंचित खेळ, जेवढा पाहिजे तेवढाच. बापूंनी पुन्हा निळी लावायला लावली, सगळ्या दातांवर लांबीभर उठली. दादा त्याच संध्याकाळी घेऊन गेले.

पण मला झोप लागेना ती दुसऱ्याच कारणानं. दोनेक महिन्यांपूर्वी मी असंच एक हब काढून दिलं होतं, चौदा दात, मोड्यूल २, आणि ते पहिल्या झटक्यात बसलं होतं. वही उघडली, त्या शाफ्टचा मेजर मी २९.५६ लिहिलाय. आयएसओनं ३० पाहिजे. डीआयएनच्या ३० रेफरन्सला शाफ्टचा मेजर येतो २९.६. म्हणजे तोही डीआयएनचाच होता, फक्त तिथं शिफ्ट उलट्या बाजूला, आत ०.१, त्यामुळं दात बारीक, ३.०३, आणि माझी खाच ३.१४ ची. ते बसणारच होतं. ढिलं बसणार होतं. आत तेलात हब हलत राहणार, दर स्टार्टला दात दातावर आपटणार, आणि कुणाला कळणार नाही जोवर पहिल्यासारखं गुळगुळीत होऊन येत नाही.

सकाळी त्यांना फोन लावला. "चांगलं चाललंय की वो, कशाला काढायचं?" म्हणाले. मी सगळं सांगितलं, म्हटलं एकदा मशीन थांबेल तेव्हा काढून घेऊन या, नवीन हब मी तयार ठेवतो. रविवारी ते आले. जुन्या हबच्या दातांच्या एका बाजूला लांबीभर चकचकीत पट्टा पडलेला, नखाला कड लागत होती.