एका अक्षराचा मेसेज

‘नुसतं “ह” एवढंच लिहून आलं तर तुम्ही त्याला उत्तर तरी काय देता?’

लगेच देत नाही. मी गावात सेवा केंद्र चालवते. दाखले, रेशन कार्ड, पीएम किसानची कामं असतात आणि माणसं व्हॉट्सॲपवर विचारतात. त्यातल्या निम्म्यांना अक्षरओळख जेमतेम.

शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी आहेत. मागच्या वर्षी त्यांचा ‘ह’ आला, थोड्या वेळाने पुन्हा ‘ह’, मग ‘क’. मी ठरवून टाकलं की हप्त्याचं विचारतायत. दोन हजार कधी जमा होतील, ई-केवायसी कशी करायची, सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘ह’. मला तो होकार वाटला. दोन दिवसांनी त्या स्वतःच चालत आल्या. रेशन दुकानात मशीनवर अंगठा उमटत नव्हता, खुरपणी करून बोटं झिजलेली. हप्त्याचा विषयच नव्हता.

मग मी त्यांना म्हटलं, माझ्यासमोर मेसेज करा. तेव्हा कळलं. त्यांना लिहायचंच नव्हतं, बोलायचं होतं. लिहायची पट्टी रिकामी असेल तर शेजारी माइक दिसतो. चुकून एक अक्षर दाबलं गेलं की त्याच जागी बाण येतो. मावशी माइक समजून तो दाबायच्या आणि ते अक्षर निघून यायचं. मला आलेला प्रत्येक ‘ह’ म्हणजे बोलायला घेतलेलं आणि तिथेच अडलेलं वाक्य होतं.

म्हणून आता एकटं अक्षर आलं की मी अर्थ लावत बसत नाही. दहा सेकंदांचा आवाज पाठवते: ‘मावशी, मेसेज मिळाला. आता माइक दाबून धरा, बोला, झालं की सोडा.’ अक्षर गेल्यामुळे पट्टी पुन्हा रिकामी झालेली असते, त्यामुळे बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं.

तरीही जमलं नाही तर दोन फोटो पाठवते, एक रेशन कार्डाचा, एक पासबुकाचा, त्यावर मोठे 1 आणि 2. आकडे नोटांमुळे आणि फोन लावून लावून ओळखीचे असतात. ‘रेशनचं आहे का?’ असं मात्र विचारत नाही. आपल्याकडे समोरच्याचं मन राखायला माणसं हो म्हणून टाकतात. एकावेळी एकच प्रश्न, आणि मग थांबायचं. कधी तासाभराने उत्तर येतं, कारण नातू शाळेतून यायचा असतो.

एका बाबतीत मात्र मी थांबत नाही. वाचता न येणारा माणूस आलेला मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवतो, आणि त्यात ओटीपी असतो. तो दिसला की मी ताबडतोब फोन लावते आणि तोंडी सांगते, असे आकडे मलासुद्धा पाठवायचे नाहीत. मावशींना हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ओटीपी आला तेव्हा त्यांनी माइक दाबून विचारलं, ‘बाई, आकडे आलेत, कुणालाच सांगायचे नाहीत ना?’