जयसिंगपूरपर्यंत गार, पुढं गरम

एप्रिलच्या दुपारी सांगलीतल्या आमच्या गॅरेजला एक छोटी हॅचबॅक आली. मालक म्हणाले, "मिस्त्री, कोल्हापूरला निघालो की जयसिंगपूरपर्यंत एसी झकास, पुढं नुसता गरम वारा. चहाला थांबलो की परत गार." दुसरीकडं दोनदा गॅस भरून झाला होता.

गॅस कमी असता तर चहानं एसी सुधारला नसता. गेज लावला आणि इंजिन १५०० आरपीएमवर ठेवलं. सुरुवातीला कॉम्प्रेसरकडं परतणाऱ्या गॅसचा दाब, म्हणजे लो, ३५ आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्याचा, म्हणजे हाय, २२० पीएसआय. ३८ अंशांच्या उन्हात ठीकच. केबिन गार होत गेली तसा लो २५ वर आला. या दाबाला एसीचा गॅस आर-१३४ए शून्य अंशाच्या खाली जातो, आणि इथंच खेळ सुरू झाला. दोनेक मिनिटांत लोचा काटा सरकत थेट व्हॅक्यूममध्ये गेला, हायही १५० वर आला. कूलिंग कॉइल तापलेली, त्यामुळं तिचा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करेना.

गॅसचा दाब एकदम उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर आणि कॉइलकडं जाणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी पांढरा बर्फ होता. परतीचा जाडा पाइप मात्र कोमट. बर्फ जाड्या पाइपवर असता, तर मी आधी केबिन फिल्टर आणि ब्लोअर बघितला असता.

म्हणजे व्हॉल्व्हमध्येच गॅसची वाट अडत होती. आता हा चोक कचऱ्याचा की पाण्याचा? गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पिळून व्हॉल्व्हवर गुंडाळलं. (ब्लो-लॅम्प कुणी लावू नये.) मिनिटभरात लो ३० वर उडाला. कचरा असा वितळत नाही, म्हणजे आत पाणी होतं.

खोदून विचारल्यावर कळलं, की दगड लागून कंडेन्सर बदलला तेव्हा पाइप चार दिवस उघडे होते आणि गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर जुनाच ठेवला होता. ड्रायर एकदा ओल पिऊन भरला की उरलेलं पाणी गॅसबरोबर फिरतं आणि व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी गोठतं. वरून कितीही गॅस टाका, उपयोग नाही.

गॅस मशिनमध्ये काढून घेतला. व्हॉल्व्ह खोलून बघितला तर स्वच्छ. काळी पूड किंवा धातूचा कीस असता तर तो बदलावाच लागला असता. तोच परत बसवला, फक्त ओ-रिंग नवीन, पॅग ऑइलचं बोट फिरवून. ड्रायर नवा टाकला आणि जुन्यात राहिलेल्या तेलापोटी १५ मिली ऑइल घातलं. नव्या ड्रायरचं बूच अगदी शेवटी काढायचं, नाहीतर तो बाकावरच हवेतली ओल पितो. व्हॅक्यूम पाऊण तास चालवला, मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलतोय का बघितलं. गॅस काट्यावर तोलून भरला, बॉनेटखालच्या स्टिकरवर होता तेवढाच.

नंतर गाडी तासभर तशीच चालू ठेवली. लो २५ पर्यंत उतरला की कॉम्प्रेसर कट होत होता, परत लागत होता, आणि ठोकळ्यावर फक्त घाम होता.