गीतेतला एक शब्द, आठ अक्षरं आणि टॅटूची सुई

परदेशात ऑफिसमध्ये कोणाला कळलं की आपण मुंबईचे आणि देवनागरी वाचतो, की आज ना उद्या फोनवर एक फोटो येतो: ‘हे हातावर काढून घ्यायचंय, अर्थ बरोबर आहे ना?’ आपण तोच फोटो दादरच्या मावशीला किंवा विलेपार्ल्याच्या भावाला पाठवतो, कारण त्यांना दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत होतं. पुष्कळदा ही मंडळी सुट्टीत मुंबईला येऊन वांद्र्याच्या एखाद्या स्टुडिओतच टॅटू काढून घेतात, आणि सोबत जायची वेळ तुमच्यावर येते. म्हणून तपासणी नेमकी कशी करायची ते एकाच शब्दावर दाखवतो.

शब्द असा: वीतरागभयक्रोधः. फोटोखाली इंग्रजीत लिहिलेलं असतं, ‘फ्री फ्रॉम पॅशन, फिअर अँड अँगर’. कधी कधी त्याच्या जागी चक्क ‘फिअरलेस वॉरियर’ असतं.

सगळ्यात आधी शब्द कुठून आला ते शोधा. हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५६वा श्लोक. त्याची दुसरी ओळ आहे ‘वीतरागभयक्रोधः स्थितधीर्मुनिरुच्यते’. वर्णन स्थिर बुद्धीच्या मुनीचं आहे. गीता रणांगणावर सांगितली गेली असली तरी या ओळीत योद्धा कुठेच नाही, तेव्हा ‘वॉरियर’ तिथल्या तिथे खोडायचा.

आता विग्रह. वीत म्हणजे गेलेला, निघून गेलेला. राग, भय आणि क्रोध ज्याच्यापासून निघून गेले आहेत, तो. हा बहुव्रीही समास आहे, म्हणजे शब्द त्या तीन भावनांचं नाव नाही, त्या ज्याला सोडून गेल्या त्या माणसाचं विशेषण आहे. ‘लेट गो ऑफ फिअर’ असा उपदेश त्यात नाही. ‘काँकर्ड’ही नाही, जिंकल्याचा भाव हवा असता तर ‘जित’ लागलं असतं.

मराठी माणूस सगळ्यात जास्त फसतो तो ‘राग’ या शब्दावर. मराठीत राग म्हणजे संताप, आणि मावशी घाईत ‘राग, भीती, क्रोध नसलेला’ असं कळवून मोकळी होते. पण मग राग आणि क्रोध एकच झाले, आणि एकाच समासात तीच गोष्ट दोनदा कशाला येईल? संस्कृतात राग हा ‘रञ्ज्’ धातूपासून आलेला शब्द. रंग, लाली, आणि मन एखाद्या गोष्टीत रंगून जाणं, म्हणजे ओढ, आसक्ती. ‘अनुराग’मध्ये हाच राग आहे. शिक्षा, चेष्टा, कौतुक हे शब्दही असेच आपल्याला ओळखीचे वाटतात आणि संस्कृतात वेगळं बोलतात. म्हणून शब्द जितका घरचा वाटेल तितका कोश आधी उघडावा.

कोश दोन पुरेत: वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालचा आणि मोनियर-विल्यम्स यांचा १८९९चा. दोन्ही कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. नुसतं ‘वीत’ शोधू नका. तो वेगवेगळ्या धातूंपासून बनतो आणि ‘आवडलेला, हवासा’ असा नेमका उलटा अर्थही तिथे सापडतो. पहिल्या नोंदीवर थांबणारा इथे चुकतो. अख्खा ‘वीतराग’ शोधा, तो स्वतंत्र शब्द म्हणून मिळतो. संस्कृत रोमन अक्षरांत लिहायच्या हार्वर्ड-क्योटो पद्धतीने टाइप करताना `vItarAga` असा लिहायचा, मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी.

इंग्रजी कोश ‘पॅशन’ म्हणतात हे खरं, पण ते त्या काळचं इंग्रजी. आज पॅशन म्हणजे ध्यास, आणि तो माणसं अभिमानाने मिरवतात. पॅशन नसलेला म्हणजे कशातच जीव नसलेला, असं वाचलं जाईल. आमच्या मते ‘अटॅचमेंट’ जास्त प्रामाणिक आहे. पूर्ण वाक्य असं द्यावं: ‘वन फ्रॉम हूम अटॅचमेंट, फिअर अँड अँगर हॅव गॉन’. लांब आहे, पण त्यात काही वाढवलेलं नाही आणि काही गाळलेलंही नाही.

यानंतर शेवट बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. विसर्गासह ‘क्रोधः’ म्हणजे एक पुरुष. विसर्ग गळला की उरतं ते संबोधन: ‘अरे, आसक्ती-भय-क्रोध गेलेल्या!’ स्त्रीसाठी ‘वीतरागभयक्रोधा’ असं रूप होतं. आता गंमत बघा. हेच रूप गीतेत चौथ्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात आहे, ‘वीतरागभयक्रोधा मन्मया मामुपाश्रिताः’, पण तिथे ते अनेकवचन आहे. मूळ ‘क्रोधाः’, पुढच्या ‘म’मुळे विसर्ग लोपला. त्या श्लोकातून शब्द उचलणाऱ्या पुरुषाच्या दंडावर एकट्यासाठी चुकीचं रूप येतं. बाईने उचलला तर तो योगायोगाने बरोबर ठरतो. त्यामुळे टॅटू कोणाच्या अंगावर आहे, हे विचारल्याशिवाय ‘बरोबर आहे’ असं कळवू नका.

अर्थ ठरला की तो दुसऱ्या जाणकाराकडून उलटा तपासा. शाळेतले संस्कृतचे निवृत्त सर चालतील, कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या संस्कृत विभागात कोणी ओळखीचं असेल तर उत्तमच. त्यांना फक्त संस्कृत शब्द दाखवा, इंग्रजी अर्थ अजिबात नको. आधी अर्थ वाचला की माणूस त्याला जुळवून घेतो. प्रश्नही नेमके हवेत: हे कोणाबद्दल आहे, एक की अनेक, पुरुष की स्त्री, वर्णन की हाक? त्यांचं उत्तर तुमच्या वाक्याशी जुळलं की भाषेचं काम संपलं.

स्टुडिओत मात्र नवीन चुका होतात. देवनागरी शब्द कधीही टाइप करण्यासाठी मजकूर म्हणून देऊ नये. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीची सोय चालू नसेल तर ‘क्रो’ तुटतो आणि ‘क्’ला पाय मोडलेला दिसून ‘रो’ वेगळा पडतो. अक्षरांची बाह्यरेखा केलेली पीडीएफ द्यावी, आणि ती छापून एकदा मोठ्याने वाचावी. विसर्गाच्या जागी कोलन टाइप झालेला नाही ना, तेही बघावं. कलाकाराने ते दोन ठिपके विरामचिन्ह समजून काढून टाकू नयेत म्हणून ते शब्दाचाच भाग आहेत हे तोंडी सांगा.

मनगट अरुंद म्हणून शब्द दोन ओळींत मोडायची सूचना हमखास येते. ‘वीतराग’ वर आणि ‘भयक्रोधः’ खाली आले की वर जैनांमध्ये तीर्थंकरांसाठी वापरलं जाणारं विशेषण उरतं आणि खाली नुसतं ‘भय आणि क्रोध’. ज्या गोष्टी गेल्या म्हणायच्या त्याच हातावर कोरल्या जातात. शब्दात आठ अक्षरं आहेत, अनुष्टुभ छंदाचा बरोबर एक चरण. ती एका ओळीत बसतील अशी जागा निवडावी, दंडाच्या आतली बाजू किंवा कोपरापासून मनगटाकडे. अक्षरं फार बारीकही नकोत. शाई वर्षांनुवर्षं थोडी पसरते, आणि ‘भ’ व ‘ध’ यांच्या डोक्यावरची शिरोरेषेतली फट बुजली की त्यांचे ‘म’ आणि ‘घ’ होतात. विसर्गाचे ठिपकेही एकमेकांत मिसळू शकतात. ठळक आणि साधं वळण घ्या, सुलेखनाचे फाटे नकोत.

स्टेन्सिल कातडीवर उमटल्यावर, सुई लागायच्या आधी, शेवटचं वाचन तुमचं. आरशात किंवा सेल्फीत नाही, कारण तिथे अक्षरं उलटी दिसू शकतात. हातावर बोट ठेवून वाचा: वी, त, रा, ग, भ, य, क्रो, आणि विसर्गासह ध.