फी वाढवायचा मेसेज

"मॅडम, मीपण ऑनलाइन क्लास घेतो. जूनपासून फी वाढवायची आहे, बॅचची वेळपण बदलायची आहे. पालकांना मेसेज कसा टाकू? कुणी सोडून जाणार नाही असं काहीतरी सांगा की."

असा मेसेज मला अजून सापडलेला नाही. एक-दोघं जातातच. फी झेपत नाही म्हणून गेलेल्याचं समजू शकतं. पण आपलं म्हणणं नीट न कळल्यामुळे कुणी गेलं तर ती चूक आपली. मी ती केलेली आहे, म्हणून तेच सांगते.

कोल्हापुरात घरी बसून नववीचं गणित शिकवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, म्हणजे महिन्याला १२ लेक्चर, फी १२०० रुपये. वेळ सायंकाळी ५ ते ६. पेठेतली पोरं या वेळेला हमखास गायब. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेची मॅच असली की समीकरणं कोण सोडवणार? शिवाय तासाभरात शिकवून व्हायचं, पण मुलांनी वहीत काय लिहिलंय ते बघायला वेळच उरत नव्हता. म्हणून लेक्चर ७५ मिनिटांचं करायचं ठरवलं. गुगल मीटच्या फुकटच्या खात्यावर तिघं किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांनी मीटिंग बंद पडते, म्हणजे पैसे भरून खातं घेणं आलं.

इतकी सरळ कारणं हाताशी असताना मी मे महिन्यात पालकांना काय लिहिलं, तर हे: "प्रिय पालक, वाढती महागाई व तांत्रिक खर्च लक्षात घेता जूनपासून फीमध्ये २५ टक्के वाढ करण्यात येत आहे. तसेच बॅच ६ ते ७.१५ या वेळेत होईल. सहकार्याची अपेक्षा." लिहून झाल्यावर मला ते फार रुबाबदार वाटलं होतं.

पहिला फोन एका आईचा. "मॅडम, पहाटे सहाला आमचं पोरगं उठंना, तुम्ही शिकवणार कुणाला?" सायंकाळी हा शब्दच राहून गेला होता. दुसरा फोन दोन भावांच्या वडिलांचा. मोठ्याची फी १२००, धाकट्याला सवलत म्हणून १०००. त्यांनी २२०० वर २५ टक्के धरून २७५० काढले. माझ्या मनात १५०० आणि १३००, म्हणजे २८०० होते. पन्नास रुपयांसाठी आम्ही दोन दिवस फोनवर हिशेब करत होतो, आणि गणिताची बाई मी! तिसऱ्या बाईंनी एप्रिल ते जूनचे ३६०० आधीच भरले होते. त्यांनी विचारलं, जूनचे ३०० अजून द्यायचे का? याचा मी विचारच केला नव्हता.

महागाईचं तर विचारूच नका. ते कारण लिहिलं की समोरचा म्हणतो, "महागाई आम्हाला न्हाई व्हय?" त्याचं बरोबरच असतं. खरं कारण १५ मिनिटं जास्त शिकवणार हे होतं, आणि तेच मेसेजमध्ये नव्हतं.

वेळेचा घोळ जास्त खोल होता. मी मुलांना विचारलं होतं, "सहा चालेल का?" सगळी म्हणाली, "चालंल की." पण ऑनलाइन क्लासला पोरगं घरी असून भागत नाही, मोबाइल घरी असावा लागतो. एकाचे वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, ते सातला घरी येतात आणि मोबाइल त्यांच्या खिशात. एकाची आई दुकानात बसते, तिचा मोबाइल तिच्यापाशी. म्हणून मी एकेका पालकाला फोन करून एकच विचारलं: मोबाइल मुलाच्या हातात किती वाजता येतो? बहुतेकांचं उत्तर सात-सव्वासात आलं. बॅच साडेसातची झाली ती अशी.

मग चार दिवसांनी दुसरा मेसेज गेला:

"नमस्कार. नववी गणिताच्या क्लासबद्दल दोन गोष्टी कळवते. आधीचा मेसेज रद्द समजावा.

वेळ: २ जून, सोमवारपासून सायंकाळी ७.३० ते ८.४५. वार तेच.

फी: जूनपासून महिना १५०० रुपये (आत्तापर्यंत १२००). लेक्चर १२च, पण प्रत्येक लेक्चर ६० ऐवजी ७५ मिनिटांचं. शेवटची १५ मिनिटं मुलांची गणितं तपासण्यासाठी. दुसऱ्या भावंडाची फी १३०० रुपये.

जूनची फी आधीच भरली असेल तर जूनसाठी जादा काही नाही.

वेळ किंवा फी जमणार नसेल तर २५ मेपर्यंत दुपारी २ ते ४ मध्ये मला फोन करा."

हिशेब केलात तर तासाला १०० रुपये आधीही पडत होते, आताही तेवढेच पडतात. ते लिहायचा मोह मला झाला होता. लिहिलं नाही, कारण घरातून दर महिन्याला ३०० रुपये जास्त जाणारच आहेत. "खरं तर वाढ नाहीच" असं म्हटलं की ती दुकानदाराची चलाखी वाटते. वाढ आहे तर वाढ म्हणावं. आणि काहीजण "जीएसटी वेगळा" असं लिहून टाकतात, ते करू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरज नसते, आणि नोंदणी नसताना पालकांकडून जीएसटी घेता येत नाही.

मेसेज ग्रुपवर टाकू नका. एकानं "जरा जास्त होतंय" लिहिलं की बाकीचेही सुरू होतात, आणि तिथे एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यावी लागते. मी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरली, पण तिचीही एक खोड आहे: ज्याच्या मोबाइलमध्ये आपला नंबर सेव्ह नाही त्याला मेसेज पोहोचतच नाही. पाठवलेला मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कुणाला पोहोचला आणि कुणी वाचला ती नावं दिसतात. माझ्या यादीत चौघांची नावं आलीच नाहीत. त्यांना वेगवेगळा पाठवला. पाठवायची वेळ रात्री नऊनंतरची ठेवते, दुकानं बंद करून माणसं जेवून बसलेली असतात. दुपारी पाठवलेला मेसेज गिऱ्हाइकाच्या गडबडीत अर्धाच वाचला जातो.

या मेसेजला बहुतेकांचं "ओके मॅडम" आलं. भावांच्या वडिलांनी "२८०० फिक्स ना?" एवढंच विचारलं. एकाला ३०० झेपेनात, तो गेला. आणखी एकजण जाणार होता. त्याच्या वडिलांची दुसरी शिफ्ट, मोबाइल घरी येतो रात्री साडेअकराला. त्याला मी रविवारी सकाळी शिकवते, एकट्यालाच, जुन्या फीत. हे मात्र मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.