तुम्ही विचारलंत म्हणून: खर्च कमी झाला, तरी बचत का नाही?

“महिन्याचा खर्च बजेटपेक्षा कमी आलाय. उत्पादन कमी झालं हे मान्य, पण पैसे तर वाचवले ना आम्ही? मग तुम्ही परत हिशेब का मागता?”

हिशेब मागतो, कारण ते बजेट १०,००० नगांचं होतं आणि तुम्ही केलेत ८,०००. दहा हजार नगांसाठी मंजूर झालेला पैसा आठ हजार नगांवर खर्चायचा नसतोच. त्यातलं जे उरलं, त्यातली बचत किती आणि न झालेल्या कामाचा न लागलेला पैसा किती, हे वेगळं केल्याशिवाय मला तुमचं कौतुकही करता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ठरवून घेतले आहेत. एकच वस्तू बनते आणि महिन्यात बनलेला सगळा माल त्याच महिन्यात विकला जातो, असं धरू. योजना १०,००० नगांची, विक्री दर १०० रुपये. एका नगाला २ किलो कच्चा माल लागतो. तो २० रुपये किलोने मिळतो, म्हणजे नगामागे ४० रुपये. मजुरी नगावर, १५ रुपये. विजेचं बिल दोन भागांचं असतं: यंत्रं चालोत न चालोत, महिन्याला २०,००० रुपये, आणि वर प्रत्येक नगामागे ३ रुपये. जागेचं भाडं, सुपरवायझरचे पगार आणि घसारा मिळून २,००,००० रुपये. सगळा खर्च ८,००,००० होतो आणि नफा २,००,००० राहतो.

महिना संपला तेव्हा चांगले नग ८,००० निघाले. एकूण खर्च ७,२३,००० झाला. मूळ बजेटशेजारी ठेवला की ७७,००० रुपये ‘वाचलेले’ दिसतात. कच्च्या मालात ५६,००० कमी, मजुरीत २१,००० कमी, विजेत ५,००० कमी. फक्त भाडं-पगार-घसाऱ्यात ५,००० जास्त. हा कागद वाचणारा माणूस सुपरवायझरच्या पगारावर बोट ठेवेल आणि कच्च्या मालाकडे पाहणारही नाही. स्थिर बजेटशी केलेल्या तुलनेचा मला खरा राग येतो तो इथे. ती नुसती अपुरी नसते, ती नजर चुकीच्या ठिकाणी नेते.

आता तेच बजेट ८,००० नगांसाठी पुन्हा मांडू. दर तेच, गृहीतं तीच, फक्त नगांची संख्या प्रत्यक्षातली. यालाच लवचिक बजेट म्हणतात.

| | १०,००० नगांचं मूळ बजेट | ८,००० नगांचं लवचिक बजेट | प्रत्यक्ष, ८,००० नग |
|---|---|---|---|
| विक्री | १०,००,००० | ८,००,००० | ८,१६,००० |
| कच्चा माल | ४,००,००० | ३,२०,००० | ३,४४,००० |
| मजुरी | १,५०,००० | १,२०,००० | १,२९,००० |
| वीज | ५०,००० | ४४,००० | ४५,००० |
| भाडं, पगार, घसारा | २,००,००० | २,००,००० | २,०५,००० |
| नफा | २,००,००० | १,१६,००० | ९३,००० |

मधला रकाना आला आणि चित्र उलटलं. आठ हजार नगांना ६,८४,००० रुपये पुरायला हवे होते, लागले ७,२३,०००. म्हणजे ७७,००० ची बचत नाही, ३९,००० चा जादा खर्च. विक्रीचा दर मात्र विक्री विभागाने १०० ऐवजी १०२ मिळवला, त्याचे १६,००० जमेला. दोन्ही मिळून प्रत्यक्ष नफा लवचिक बजेटपेक्षा २३,००० ने कमी.

नफ्यातली एकूण घट १,०७,००० आहे. तिचे आता दोन तुकडे पडले. २३,००० हे काम कसं झालं याचे आणि ८४,००० हे काम कमी झाल्याचे. हा ८४,००० चा आकडा दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो. एका नगाच्या १०० रुपये विक्रीतून कच्चा माल, मजुरी आणि नगामागची वीज असे ५८ रुपये वजा केले की ४२ रुपये उरतात. २,००० नग कमी, गुणिले ४२, म्हणजे ८४,०००. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं नाही तर मांडणीत कुठेतरी चूक आहे, हे नक्की समजा. मी कागद पुढे पाठवण्याआधी ही पडताळणी करतोच.

आता कच्च्या मालाचे २४,००० बघू. स्टोअरच्या नोंदीत १७,२०० किलो माल दिलेला आहे आणि भाव २० रुपयेच पडला आहे. आठ हजार नगांना १६,००० किलो पुरायला हवा होता. म्हणजे खरेदी विभागाचा काही दोष नाही, १,२०० किलो माल जादा गेला. नगाला २ किलो या हिशेबाने तो ६०० नगांचा माल. मजुरी पाहा: ९,००० जादा, आणि १५ ने भागलं की पुन्हा ६०० नग. ८,६०० नग बनवायला घेतले होते, त्यातले ६०० तपासणीत नाकारले गेले. पण माल आणि मजुरी त्यांच्यावरही खर्च झाली होती. ‘बचत झाली’ म्हणणाऱ्या कागदात हे ६०० नग कुठेच दिसत नव्हते.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती नेमकी सुटते. बजेट लवचिक करायचं ते चांगल्या उत्पादनावर, किती काम सुरू केलं किंवा यंत्रं किती तास फिरली यावर नाही. समजा कोणी बजेट ८,६०० नगांवर मांडलं असतं, तर कच्च्या मालाची मंजुरी ३,४४,००० झाली असती आणि मजुरीची १,२९,०००. दोन्ही तफावती शून्य! विजेत तर ८०० रुपये वाचल्याचं दिसलं असतं. वाया गेलेल्या प्रत्येक नगाला बजेटने आपणहून पैसे दिले असते. तासांवर मांडलं तरी हेच होतं: काम जितकं रेंगाळेल, तितकी मंजुरी वाढत जाते. तास घ्यायचेच असतील तर तयार झालेल्या चांगल्या मालाला जेवढे लागायला हवे होते तेवढे घ्यावेत, प्रत्यक्षात लागलेले नव्हेत.

दुसरी चूक स्थिर खर्चाच्या बाबतीत होते. मूळ बजेटमध्ये २,००,००० भागिले १०,००० करून नगामागे २० रुपये स्थिर खर्च काढून ठेवलेला असतो. मग कोणीतरी ८,००० गुणिले २० करून मंजुरी १,६०,००० धरतं आणि पगार-भाड्यात ४५,००० चा जादा खर्च निघतो. जागेचं भाडं नग कमी झाले म्हणून कमी होत नाही. खरा जादा खर्च ५,००० चाच आहे, आणि तोही कशाचा ते विचारलं तर बहुधा एका ओळीत उत्तर मिळतं. नगामागचा स्थिर खर्च वस्तूची किंमत काढताना उपयोगी पडतो. बजेट वरखाली करताना तो वापरायचा नाही.

विजेसारखे अर्धे स्थिर, अर्धे बदलते खर्च कसे फोडायचे, हेही विचारलं जातं. सोपी रीत अशी, की सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी उत्पादनाचे महिने घ्यायचे. एका महिन्यात ११,००० नग आणि बिल ५३,०००, दुसऱ्यात ६,००० नग आणि बिल ३८,०००. फरक ५,००० नगांचा आणि १५,००० रुपयांचा, म्हणून नगामागे ३ रुपये. ६,००० नगांचे १८,००० वजा केले की स्थिर भाग २०,००० उरतो. मात्र सगळी भिस्त दोनच महिन्यांवर असल्याने त्यातला एक जरी विचित्र असला, यंत्र बंद पडलेलं असलं किंवा मागची थकबाकी बिलात आलेली असली, तर दोन्ही आकडे बिघडतात. म्हणून बारा महिन्यांचे बिंदू आलेखावर टाकून आधी डोळ्यांनी बघावेत. एखादा बिंदू सगळ्यांपासून फटकून असेल तर तो घेऊ नये.

या रीतीला मर्यादा आहे आणि ती उत्पादन वाढतं तेव्हा जास्त जाणवते. आपलं उदाहरण ६,००० ते ११,००० नगांमधल्या अनुभवावर उभं आहे. उद्या १४,००० नग करायचे ठरले तर दुसरी पाळी लागेल, दुसरा सुपरवायझर लागेल, म्हणजे २,००,००० हा आकडा एकदम वरच्या पायरीवर जाईल. कच्चा माल जास्त घेतला तर कदाचित स्वस्तही पडेल. तिथे जुन्याच दरांना १४,००० ने गुणून आलेलं बजेट दिसायला नेटकं असतं, पण खोटं असतं. अशा वेळी त्या टप्प्याचे दर नव्याने काढावे लागतात. आणि जाहिरात, प्रशिक्षण यांसारखे निर्णयाने ठरणारे खर्च तर नगांबरोबर हलवूच नयेत. त्यांना ठरलेली रक्कम हीच मर्यादा.

‘मग मूळ बजेट फेकून द्यायचं का?’ असं पुढे विचारू नका. ते जपून ठेवायचं. माल किती मागवायचा, माणसं किती घ्यायची, पैशाची सोय किती करायची, हे महिना सुरू होण्याआधी त्याच्यावरच ठरलं होतं. आणि ८४,००० चा प्रश्न त्याच्याशिवाय विचारताच येत नाही. लवचिक बजेट उत्पादन विभागाला ३९,००० चं उत्तर द्यायला लावतं, पण २,००० नग का झाले नाहीत याबद्दल ते गप्प असतं, कारण ८,००० हा आकडा त्याने न विचारता मान्य केलेला असतो. मागणीच आली नव्हती तर उत्तर विक्री विभागाकडे. मागणी होती आणि यंत्र बंद होतं तर देखभाल विभागाकडे. आणि आपल्या उदाहरणात नाकारलेले ते ६०० नग चांगले निघाले असते व विकले गेले असते, तर नगामागे १०० प्रमाणे ६०,००० रुपये आणखी हाती आले असते, कारण त्यांचा माल आणि मजुरी आधीच खर्च झाली होती. म्हणजे नफ्यातल्या १,०७,००० च्या एकूण घटीपैकी मोठ्या भागाचं उत्तर त्याच तपासणीच्या टेबलावर आहे. म्हणून पुढच्या बैठकीला येताना नाकारलेल्या नगांची नोंदवही घेऊन या. कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, कोणत्या कारणाने नग नाकारले गेले, ते रकाने भरलेले असतील तर आपण तिथूनच सुरुवात करू.